डांग्या खोकल्यात शेवटी येणारा तो ‘हूऽप’ नेमका कशाचा?

प्रश्न: पुतणीला डांग्या खोकला झालाय. अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण झाला, तरी उबळ येतेच आणि शेवटी ‘हूऽप’ असा आवाज येतो. जंतू मेले असतील तर खोकला कशाचा? आणि तो आवाज कुठून येतो?

उत्तर:

मी बालरोगतज्ज्ञ आहे. हा प्रश्न पालक मला जवळजवळ याच शब्दांत विचारतात. जंतू मेले हे बहुधा खरंच आहे. पण जाण्यापूर्वी त्यांनी श्वासनलिकेच्या अस्तराची जी नासधूस केली, ती भरून यायला आठवडे लागतात. खोकला त्या नासधुशीचा असतो.

आपल्या श्वासनलिकेला आतून पेशींचं अस्तर असतं. त्यातल्या बहुतेक पेशींच्या डोक्यावर सिलिया नावाचे अतिसूक्ष्म केस असतात. ते शेतातल्या पिकासारखे एका लयीत हलतात आणि धूळ, जंतू, चिकट स्राव सतत घशाकडे ढकलत राहतात. तो स्राव आपण नकळत गिळून टाकतो. या केसवाल्या पेशींच्या मधेच दुसऱ्या पेशी असतात, त्यांचं काम हा स्राव तयार करण्याचं.

डांग्या खोकल्याचा जंतू म्हणजे बोर्डेटेला पर्ट्युसिस. बोर्डे आणि जांगू या दोघांनी १९०६ साली तो वेगळा करून वाढवला. हा जंतू रक्तात शिरत नाही, तो या केसांना चिकटून तिथेच वाढतो. बहुतेक जिवाणूंप्रमाणे तो वाढताना स्वतःची भिंत थोडी थोडी तोडून पुन्हा बांधतो. त्याच्यासारखे इतर बरेच जिवाणू भिंतीचे सुटलेले तुकडे आत ओढून पुन्हा वापरतात. याला ते नीट जमत नाही, त्यामुळे ते तुकडे बाहेर सांडत राहतात. त्या तुकड्याचं नाव ट्रॅकियल सायटोटॉक्सिन. म्हणजे हे विष मुळात जंतूच्या बांधकामातला राडारोडा आहे.

आता यातला मला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग. प्रयोगांत असं दिसलं की हा राडारोडा आणि जंतूच्या बाहेरच्या आवरणातला एक घटक असे दोन्ही मिळून परिणाम करतात तो स्राव बनवणाऱ्या पेशींवर. त्या पेशी बिथरून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार करू लागतात. त्या स्वतः टिकतात, पण हा वायू शेजारच्या केसवाल्या पेशींत झिरपतो, त्यांची ऊर्जा बनवणारी यंत्रणा बंद पाडतो आणि त्या पेशी मरून अस्तरातून गळून पडतात. शिवाय या विषामुळे डीएनए तयार होणंही मंदावतं, त्यामुळे गळलेल्या पेशींच्या जागी नव्या पेशी लवकर येत नाहीत. थोडक्यात, झाडणारे गेले आणि कचरा करणारे राहिले.

मग दाट, चिकट स्राव साचतो आणि तो वर आणायला खोकल्याखेरीज मार्गच उरत नाही. त्यातच खोकल्याच्या नसा हळव्या झालेल्या असतात. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय की जंतूच्या विषांमुळे ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थ वाढतो आणि एरवी दुर्लक्षित होईल अशा बारीक चाळव्यानेही उबळ सुरू होते. म्हणून घास गिळताना, हसताना, रडताना ढास लागते.

आता आवाजाकडे. एक करून बघा, अर्थात तुम्हाला दमा किंवा हृदयाचा त्रास नसेल तरच. नेहमीसारखा श्वास सोडा आणि मध्ये अजिबात श्वास न घेता सहा-सात वेळा खोका. साध्या श्वास सोडण्यानंतर मोठ्या माणसाच्या छातीत साधारण अडीच लिटर हवा उरते. लागोपाठच्या खोकल्यांनी ती सव्वा लिटरच्या आसपास येते, आणि त्याखाली कितीही जोर लावला तरी ती उतरत नाही. शेवटी आत कसं आवळल्यासारखं होतं ते कळेल.

मुलाच्या उबळीत हेच होतं, पण थांबणं त्याच्या हातात नसतं. अलीकडे माझ्याकडे सहा वर्षांची एक मुलगी आली, खोकल्याचा तिसरा आठवडा होता. ताप नव्हता, छाती स्टेथोस्कोपने स्वच्छ, आणि ती आरामात चित्र काढत बसली होती. आधी दोन ठिकाणी तिला साधी सर्दी म्हणून कफ सिरप दिलं होतं. आईने फोनवर रात्रीचा व्हिडिओ दाखवला. मी मोजले, एका श्वासात चौदा खोकले. चेहरा लाल, मग जांभळट, जीभ बाहेर, डोळ्यांत पाणी. मग एकदम छाती फुगली, तो लांब आवाज आला आणि लगेच उलटी.

तो आवाज रिकाम्या छातीने आत ओढलेल्या हवेचा आहे. खोकताना स्वरतंतू झटक्याने मिटतात आणि उघडतात. उबळ संपते तेव्हा ते पुरते दूर झालेले नसतात, आणि शरीर मात्र सगळं बळ लावून हवा आत खेचतं. अरुंद फटीतून हवा वेगाने शिरते आणि तंतू थरथरून वाजतात. म्हणून आवाज श्वास *घेताना* येतो. दम्याची शिट्टी मुख्यतः श्वास सोडताना ऐकू येते. क्रूप म्हणजे लहान मुलांच्या स्वरयंत्राची सूज, त्यातही आवाज श्वास आत घेतानाच येतो, पण तिथे घसा बसलेला असतो आणि खोकला भुंकल्यासारखा. डांग्या खोकल्यात दोन उबळींच्या मधे मूल जवळपास ठणठणीत दिसतं. डॉक्टर फसतात ते इथेच, म्हणून व्हिडिओ नक्की काढून ठेवा.

त्या मुलीच्या रक्तात पांढऱ्या पेशी अठ्ठावीस हजार होत्या, त्यातल्या सत्तर टक्के लिंफोसाइट. हे जंतूच्या दुसऱ्या विषाचं, पर्ट्युसिस टॉक्सिनचं काम. त्याच्यामुळे लिंफोसाइट रक्तातून बाहेर पडून जिथे जायला हव्यात तिथे जाऊ शकत नाहीत आणि रक्तातच साचतात. नाकाच्या मागच्या भागातून घेतलेल्या नमुन्याची पीसीआर तपासणी पॉझिटिव्ह आली.

तिलाही अँटिबायोटिक दिलं, अझिथ्रोमायसिन, पाच दिवस. पहिल्या एक-दोन आठवड्यांत, नुसती सर्दी वाटत असतानाच हे औषध मिळालं तर आजार सौम्य होऊ शकतो. उबळी सुरू झाल्यावर दिलं तर फायदा मुख्यतः घरातल्या इतरांना, कारण संसर्ग पसरणं थांबतं. उबळींचा काळ सहा-सात आठवडेही चालतो, आणि पुढे काही महिने साध्या सर्दीनेही तीच ढास परत येऊ शकते. पुतणीला असं झालं तर दर वेळी तो नवा संसर्गच असेल असं नाही.

तुमच्या घरात सहा महिन्यांच्या आतलं बाळ आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, पण मला तेच आधी विचारायचं आहे. त्या मुलीला दोन महिन्यांचा भाऊ होता. इतक्या लहान बाळाच्या छातीत हवा जोराने खेचण्याची ताकद नसते, म्हणून बहुधा हूप येत नाही. काही वेळा खोकलाही फारसा नसतो, बाळ नुसतं श्वास थांबवतं आणि निळं पडतं. आई म्हणाली, ‘त्याला काही नाही, दूध पिताना दोनदा गप्प झाला होता.’ त्याला आम्ही त्याच दिवशी दाखल करून घेतलं.