‘ग्रामर सुधारा’ या शेऱ्याखाली नेमकं काय दडलंय?

‘सर, मी कागलजवळच्या खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी मिडियम. कॉल सेंटरच्या ट्रेनिंगला लागून महिना झाला. माझ्या प्रत्येक कॉलवर एकच शेरा असतोय, “एमटीआय जास्त, ग्रामर सुधारा.” मी रोज रात्री ग्रामरचं पुस्तक घोकतो, तरी शेरा बदलत नाही. बॅचमधली पोरं माझी नक्कल करतात. माझा उच्चारच गावाकडचा आहे, मग इंग्रजी सुधारणार कसं?’

(‘घोकतो’ लिहिणारी मुलगीच आहे. कोल्हापूरकडच्या बायका ‘मी जातो, मी आलो’ असंच म्हणतात. पुण्यात त्याला चूक म्हणतील, इथे कुणाच्या कानाला ते खटकत नाही.)

एमटीआय म्हणजे मातृभाषेचा उच्चारावरचा प्रभाव. एमटीआय आणि ग्रामर एकाच ओळीत लिहिले की नवीन माणसाला दोन्ही एकच वाटतात. मी समुपदेशक. धीर देणं मला जमतं, पण तिचे कॉल ऐकल्याशिवाय त्यातलं नेमकं काय बिघडलंय हे मी सांगू शकत नव्हतो. म्हणून तिला म्हटलं, तुमच्या मेंटॉरना रेकॉर्डिंग ऐकायला सांगा आणि शेरा फोडून मागा. त्यांनी तिला ईमेल लिहिला. असा शेरा घेऊन माझ्याकडे बरेच जण येतात, म्हणून दोघांच्या परवानगीने त्यातला मुख्य भाग इथे देतो.

‘तुझा कालचा बिलाचा कॉल मी ऐकला आणि शब्द न शब्द कागदावर उतरवला. आता तूही तेच कर. कागदावर वाक्य चुकलेलं दिसलं, तर ती ग्रामरची चूक. कागदावर वाक्य बरोबर असेल आणि फक्त कानाला वेगळं लागत असेल, तर तो उच्चार. ग्लासगोचा माणूस आणि टेक्सासचा माणूस एकच वाक्य बोलले, तर ऐकायला दोन वेगळी भाषणं वाटतील, पण कागदावर ते एकच दिसेल.

तुझं पहिलं वाक्य होतं, “युअर पॅक इज ॲक्टिव्ह नाऊ.” यात ग्रामरचं काहीच बिघडलेलं नाही. तरी कस्टमर “बॅक?” म्हणाला. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीच्या “प”बरोबर हवेचा एक झोत बाहेर पडतो. आपल्या “पाणी”तल्या “प”ला तो झोत नसतो, म्हणून त्यांच्या कानाला आपला “प” हा “ब” वाटू शकतो. ओठांसमोर कागदाची पट्टी धर आणि “पॅक” म्हण. पट्टी हलली पाहिजे. “पाणी” म्हटल्यावर ती जेमतेम हलेल. ग्रामरचं पुस्तक कितीही घोकलंस, तरी ही पट्टी हलणार नाही.

पुढे तू “फिफ्टीन पाउंड्स” म्हणालीस आणि कस्टमरने “फिफ्टी?” विचारलं. हाही उच्चारच आहे, पण पैशाचा मामला आहे, म्हणून आधी हा धर. इंग्रज माणूस जोर कुठल्या तुकड्यावर पडला ते ऐकतो. “फिफ्टी”त जोर पहिल्या तुकड्यावर असतो, “फिफ्टीन” सुटं म्हटलं की “टीन”वर जातो. आपण मराठीत दोन्ही तुकडे जवळजवळ सारख्याच जोराने म्हणतो. “टीन” लांबव, शेवटचा “न” पूर्ण म्हण आणि लगेच जोड, “वन फाइव्ह.” तिकडचे लोकही आकडा असाच पक्का करून घेतात, त्यात कमीपणा काही नाही.

पोस्टकोड घेताना “एस”चा “एफ” झाला, तो मात्र तुझ्या नावावर मांडू नकोस. साध्या टेलिफोन लाइनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज जातो. “एस” आणि “एफ” ज्या सूं-फूंवरून वेगळे ओळखायचे, त्यातला बराचसा भाग याच्या वर असतो, म्हणजे तो समोर पोचतच नाही. म्हणून तर “एस फॉर सिएरा, एफ फॉर फॉक्सट्रॉट” म्हणायची पद्धत आहे. ती लंडनमध्ये जन्मलेल्यालाही वापरावी लागते.

आता जिथे शेरा देणाराही फसतो ती जागा. तू म्हणालीस, “आय चेक इट येस्टरडे.” कागदावर उतरवलं तर हे सरळ चूक दिसतं, कारण काल झालेल्या गोष्टीला “चेक्ड” हवं. पण त्याच कॉलमध्ये तू “आय टोल्ड हिम” म्हणालीस, “वी वेटेड” म्हणालीस, दोन्ही अचूक. म्हणजे भूतकाळ तुला येतो. “चेक्ड”च्या शेवटी ऐकायला “ड” नसतोच, तिथे “क्”ला चिकटून एक बारीक “ट्” येतो आणि तू तो गिळतेस. “वेटेड”ला पूर्ण वेगळा तुकडा असतो, म्हणून तिथे तुझं अडत नाही. तू “आय टेल हिम येस्टरडे” म्हणाली असतीस, तर मीही ग्रामरखालीच गुण कापले असते. यावर उपाय म्हणजे तो “ट्” पुढच्या शब्दाला देऊन टाकायचा. “चेक टिट” असं म्हणून बघ. पुढे व्यंजन आलं, जसं “चेक्ड द बिल”, तर भराभर बोलताना तिकडचे लोकही तो “ट्” बऱ्याचदा गिळतात. तिथे मागच्यापुढच्या शब्दांवरून काळ समजतो.

तुझी खरी ग्रामरची चूक मला एकच सापडली, “डिड यू रिसिव्ह्ड द मेसेज?” ती तू तीनदा केलीस. “डिड” आलं की भूतकाळ त्यातच आला, पुढे साधं “रिसिव्ह.” हे बीबीसीच्या निवेदकाच्या थाटात म्हटलंस तरी चूकच राहील. पुस्तक उघडायचं असेल, तर तेवढ्या एका पानासाठी उघड.’

ईमेल इथे संपतो. त्यांनी आवाज ऐकला. मला तिच्याशी बोलताना आणखी एक गोष्ट दिसली. नक्कल व्हायला लागल्यापासून ती भराभर आणि हळू आवाजात बोलायला लागली होती, कॉल एकदाचा संपावा म्हणून. भराभर बोललं की सगळ्यात आधी शब्दाचं शेपूट तुटतं, म्हणजे नेमका तोच ‘ट्’ आणि तोच ‘न’. मग कस्टमर ‘सॉरी?’ म्हणतो, ती आणखी घाबरते, आणखी वेग घेते. म्हणून तिच्याशी ठरवलं ते एवढंच: ‘सॉरी?’ ऐकू आलं की वाक्य बदलायचं नाही. तेच वाक्य सावकाश म्हणायचं आणि आकडा सुटा करून सांगायचा. घाईत वाक्य बदलताना तिच्याकडून खऱ्या ग्रामरच्या चुका व्हायच्या. ‘डिड यू रिसिव्ह्ड’च्या तीन चुकांपैकी दोन याच ठिकाणच्या होत्या.

उच्चाराकडे अजिबात लक्ष देऊ नये, असं मात्र मी म्हणणार नाही. समोरच्याला पंधरा पाउंडांचे पन्नास ऐकू येत असतील, तर बोलण्याची पद्धत बदलायला सांगण्याचा कंपनीला हक्क आहे. पण ती सूचना उच्चाराच्या रकान्यात हवी आणि कुठला आवाज, कुठल्या शब्दात, हे त्यात लिहिलेलं हवं. माणसाला उगाच खोटा लंडनी सूर काढायला लावणं मला पटत नाही. त्या नादात माणूस सूर सांभाळत बसतो आणि कस्टमरचं म्हणणं निसटतं.

शेरा मिळाला की माझ्याकडे येणाऱ्यांना मी आता कॉल ऐकून शेरा देणाऱ्या क्वालिटीवाल्यांकडून दोनच गोष्टी मागायला सांगतो: कॉलमधली वेळ आणि त्या वेळी तोंडून निघालेलं पूर्ण वाक्य. या मुलीने तसं मागितलं. पुढच्या आठवड्याच्या शीटवर ग्रामरखाली ‘डिड’चं एक वाक्य होतं. ‘पॅक’ आणि ‘फिफ्टीन’ उच्चाराच्या रकान्यात गेले होते. ‘चेक्ड’ मात्र अजून ग्रामरखालीच आहे. त्यावर तिचं आणि क्वालिटीवाल्यांचं अजून एकमत झालेलं नाही. एकच कॉल सगळ्यांनी ऐकून गुण जुळवायची जी कॅलिब्रेशनची बैठक असते, तिच्यात पुढच्या वेळी तो कॉल सगळ्यांसमोर लावायचं ठरलंय.