ॲनिमॅटिकमध्ये कुठल्या पॅनलला किती वेळ द्यायचा?

माझ्या ॲनिमेशन शॉर्टफिल्मच्या स्टोरीबोर्डचे ४० पॅनल, म्हणजे ४० चित्रं, झालीत. ती आवाजासोबत टाइमलाइनवर लावून ॲनिमॅटिक, म्हणजे फिल्मचा कच्चा आराखडा, करायचाय. सगळ्यांना ३-३ सेकंद देऊन सुरुवात करू का?

नका करू. दोन मिनिटांचा स्लाइड शो होईल आणि कुठला शॉट रेंगाळतोय ते कळणारच नाही. आधी टाइमलाइनवर आवाज टाका, मग त्याच्या मापाने पॅनल बसवा. डायलॉग फोनवर स्वतःच रेकॉर्ड केले तरी चालतात, फक्त वाचून दाखवू नका, पात्राच्या मूडमध्ये बोला, कारण पॉझ तिथूनच सापडतात.

आमच्या एका सीनमध्ये आजी खुर्चीत घोरतेय आणि नातू फळीवरचा लाडवांचा डबा काढतोय, तेवढ्यात झाकण खाली पडतं. २४ फ्रेमचा एक सेकंद धरून आम्ही झाकणाच्या आवाजानंतर नातवाचा थिजलेला चेहरा १२ फ्रेम ठेवला आणि लगेच आजीवर कट केला. कुणीच हसलं नाही. मग तोच पॅनल ३६ फ्रेम केला आणि मध्येच आजीचं घोरणं बंद केलं, म्हणजे आजी दिसत नाहीये पण जागी झाली का ही धाकधूक लागते, आणि आता सगळे हसले! चित्र तेच होतं, एक रेघ बदलली नव्हती.

म्युझिक आत्ताच टाकू का?

सगळ्यात शेवटी टाका. म्युझिकच्या ओघात ढिला सीनसुद्धा चांगला वाटायला लागतो आणि चूक झाकली जाते. पहिला कट नुसत्या डायलॉगवर आणि ज्यांच्यावर गोष्ट वळते अशा दोन-चार आवाजांवर बघा.

ॲनिमॅटिक मस्त वाटला होता, पण ॲनिमेशन केल्यावर सीन घाईचा का वाटतोय?

स्थिर चित्र डोळा पटकन वाचतो, हालचालीला मात्र तिचा स्वतःचा वेळ लागतो. नातू दारापासून स्टुलापर्यंत जातो तो आमचा एकच पॅनल होता, १ सेकंदाचा, बघायला एकदम बरोबर. पण साधं चालणंसुद्धा एका पावलाला साधारण १२ फ्रेम खातं आणि हा तर चोरपावलांनी जातोय, म्हणजे २४ धरा, चार पावलांचे झाले ४ सेकंद! ॲनिमेटरला २४ फ्रेम दिल्या तर तो बिचारा पळवतच नेणार. म्हणून असा शॉट आला की उठा, स्टॉपवॉच लावा आणि ती हालचाल स्वतः करून बघा, आणि पॅनलही किमान दोन काढा, सुरुवातीचा आणि शेवटचा.

४ सेकंद तिथे जड होत होते, म्हणून दोन पावलं दाखवली, मग आजीच्या चेहऱ्यावर १ सेकंद कट, मागे पावलांचा आवाज चालूच, आणि परत आलो तेव्हा त्याचा हात स्टुलावर. ४ चे ३ झाले आणि आजी झोपलीये हेही परत दिसलं.