पासपोर्टच्या तळच्या दोन ओळी

प्रिय,

काल तू माझ्या टेबलावर ठेवलेली खाते उघडण्याची फाइल पाहिली. अर्जातली एकही चौकट रिकामी नाही, सही आहे, फोटो आहे, म्हणून तू वर ‘पूर्ण’ असा शेरा मारलास. पण अर्जात जन्मतारीख ०७/०३/१९९४ आहे आणि पासपोर्टवर ०३/०७/१९९४. तेच आकडे दिसल्यामुळे नजर पुढे सरकली असणार. माझीही पहिल्यांदा सरकली होती.

ग्राहकाने महिना आधी लिहिला असेल, किंवा चुकूनही लिहिले असेल. आपण अंदाज बांधायचा नाही. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात. दुसऱ्या ओळीत पासपोर्ट क्रमांक, त्याचा तपासणी अंक आणि देशाची तीन अक्षरे झाली की जन्मतारीख येते, नेहमी वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने. या पासपोर्टवर तिथे असे आहे:

```
9407037
```

म्हणजे १९९४, सातवा महिना, तीन तारीख. शेवटचा ७ हा तपासणी अंक. तारखेच्या सहा अंकांना क्रमाने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणायचे: ६३, १२, ०, ४९, ०, ३. बेरीज १२७, शेवटचा अंक ७. जुळला. तारीख ७ मार्च असती तर बेरीज १०३ आली असती आणि अंक ३. तेव्हा पासपोर्ट ३ जुलैच सांगतो.

हा हिशेब रोज करायची गरज नाही, स्कॅनर तो करतोच. पण पुसट झेरॉक्सवरून आकडे हाताने टाइप करायची वेळ आली की उपयोगी पडतो: एखादाच अंक चुकीचा वाचला गेला, तर बेरीज जुळत नाही. मात्र अंक जुळला म्हणजे पासपोर्ट खरा, असे समजू नकोस. बनावट करणाऱ्यालाही गुणाकार येतो. म्हणून मूळ पासपोर्ट हातात घेऊन फोटो, मुदत आणि वरची छापील माहिती खालच्या ओळींशी ताडून बघायची, आणि मगच झेरॉक्सवर ‘मूळ प्रत पाहिली’ लिहून सही करायची. झेरॉक्सवरून झेरॉक्स तपासणे म्हणजे काहीच न तपासणे.

आता ही फाइल. अर्जातली तारीख तू दुरुस्त करू नकोस. शिकाऊ असताना मी ग्राहकाला पुन्हा फेरी नको म्हणून स्वतःच एक आकडा गिरवला होता. पुढे तपासणीत विचारणा झाली, तेव्हा तो आकडा कोणी बदलला हे सांगणारी एकही सही कागदावर नव्हती. ग्राहकाला बोलाव. चुकीच्या तारखेवर एकच आडवी रेघ, खालचे वाचता येईल अशी. शेजारी योग्य तारीख आणि ग्राहकाची सही. व्हाइटनर नाही. खाडाखोड फार झाली तर सरळ नवा अर्ज दे.

तोवर शेरा बदलून ‘जन्मतारखेत तफावत, ग्राहकाकडून दुरुस्ती बाकी’ असा लिही. नुसते ‘अपूर्ण’ लिहिलेस, तर उद्या काउंटरवर बसणाऱ्याला सगळी फाइल पुन्हा उलगडावी लागेल.