व्हाइटबोर्डच्या फोटोतला उजेड भागून काढायचा

प्रश्न: बैठकीत व्हाइटबोर्डवर काढलेल्या आकृत्यांचा मोबाइलवर फोटो घेतला आहे. तो प्रेझेंटेशनमध्ये टाकायचा आहे, पण फळा एका बाजूला राखाडी दिसतो. ब्राइटनेस वाढवला की फिकट अक्षरं उडतात, कॉन्ट्रास्ट वाढवला की अर्धा फळा काळा होतो. सगळं पुन्हा काढत न बसता हे नीट कसं करावं?

उत्तर:

मी बरीच वर्षं बैठकांची टिपणं तयार करतो आणि सुरुवातीला याच दोन पट्ट्या पुढेमागे सरकवत बसायचो. त्या कशाही सरकवल्या तरी जमत नाही, कारण खिडकीचा किंवा दिव्याचा उजेड फळ्यावर सगळीकडे सारखा पडत नाही. आपल्या डोळ्याला फळा पूर्ण पांढरा वाटतो, कॅमेऱ्याला तसा दिसत नाही.

माझ्या एका फोटोतले आकडे सांगतो. ० म्हणजे काळं आणि २५५ म्हणजे पांढरं धरा. खिडकीजवळ फळ्याचा पांढरा भाग २२० होता आणि लांबच्या टोकाला १२०. निळ्या मार्करची रेघ खिडकीजवळ ११० आणि लांब ६०. फिकट हिरव्या मार्करचा बाण खिडकीजवळ १६५. म्हणजे एका बाजूचा हिरवा बाण दुसऱ्या बाजूच्या कोऱ्या फळ्यापेक्षा जास्त उजळ! ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट अख्ख्या फोटोला एकच नियम लावतात. १२० ला पांढरं करायला गेलं की १६५ चा बाण त्याच्याआधीच पांढरा होऊन जातो.

आता भागाकार करून पाहा. ११० ला २२० ने भागलं तर निम्मं, ६० ला १२० ने भागलं तरी निम्मंच. शाई तिच्या जागेवरच्या उजेडाचा ठरावीक हिस्सा परत पाठवते आणि तो हिस्सा फळाभर सारखाच असतो. म्हणून प्रत्येक ठिकाणच्या रंगाला तिथल्याच कोऱ्या फळ्याच्या उजळपणाने भागायचं. भागल्यावर निळी रेघ दोन्हीकडे १२८ च्या आसपास येते, हिरवा बाण १९१ वर आणि कोरा फळा सगळीकडे जवळजवळ २५५ वर. भागाकार लाल, हिरव्या आणि निळ्या घटकावर वेगवेगळा होतो, त्यामुळे दिव्याची पिवळसर झाकही त्यातच निघून जाते.

गिम्प हे मोफत सॉफ्टवेअर यासाठी पुरेसं आहे. सगळ्यात आधी फळा सरळ करून कापून घ्या. Perspective टूलमध्ये Corrective (Backward) निवडा, चार कोपरे फळ्याच्या चार कोपऱ्यांवर ठेवा, आणि मग फळ्याची चौकट व भिंत कापून टाका. हे आधी करण्याला कारण आहे. काळी चौकट फोटोत राहिली तर पुढे कोऱ्या फळ्याचा अंदाज घेताना ती कडेच्या अंदाजात मिसळते आणि कडेजवळची अक्षरं बिघडतात. सरळ करताना लांबी-रुंदीचं प्रमाणही बदलतं. त्यामुळे फळ्याचं खरं माप आठवून Scale Image मध्ये रुंदी-उंचीला जोडणारी साखळी तोडून ते प्रमाण जुळवा. फळ्यावर एखादं वर्तुळ असेल तर ते लंबगोल दिसतंय का, एवढं पाहिलं तरी चूक कळते.

मग लेयरची नक्कल करा. वरच्या नकलेतून अक्षरं पुसून फक्त कोरा फळा उरवायचा आहे. त्यासाठी Filters > Blur > Median Blur उघडा. ४००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत मार्करची रेघ साधारण १५ पिक्सेल जाड असेल, तर Radius ४० आणि Percentile ८० ठेवा. यामुळे प्रत्येक पिक्सेलच्या आसपासचे उजळ रंग निवडले जातात आणि बारीक रेघा गायब होतात. त्यावर २० चा Gaussian Blur द्या, म्हणजे उरलेले ठोकळे विरघळतील. नक्कल आता धुक्यातल्या कोऱ्या फळ्यासारखी दिसायला हवी. तिच्यात अक्षरांच्या सावल्या अजून दिसत असतील तर Radius वाढवा. शेवटी या वरच्या लेयरचा Mode Divide करा. राखाडी भाग तिथल्या तिथे नाहीसा होतो. लेयर एकत्र करून टाका.

उरतात पूर्वी पुसलेल्या अक्षरांचे पुसट डाग. तेही माझ्या फोटोत होते, भागाकारानंतर २३५ च्या आसपास. Colors > Levels मध्ये उजवा त्रिकोण २२५ वर आणला की ते पांढऱ्यात मिसळतात आणि १९१ चा हिरवा बाण शाबूत राहतो. डावा त्रिकोण ६० वर आणला की शाई गडद होते. उजवा त्रिकोण किती आत आणायचा, हे सवयीने ठरवू नका. फोटोतली सगळ्यात फिकट रेघ शोधा, तिचा आकडा Color Picker ने पाहा आणि त्रिकोण त्याच्या बराच वर ठेवा. मी एकदा हा आकडा न पाहता त्रिकोण ओढला आणि आकृतीतला परत येणारा बाणच उडाला. लोकांना वाटलं की ती प्रक्रिया एकाच दिशेने जाते. तेव्हापासून मी मूळ फोटो शेजारी ठेवून बाण मोजतो.

असे फोटो पुष्कळ असतील तर कमांड लिहून चालवायच्या इमेजमॅजिक या सॉफ्टवेअरच्या एका ओळीत जवळपास हेच होतं, फक्त फळा आधी सरळ करून कापलेला हवा:

```
magick board.png \( +clone -blur 0x50 \) -compose Divide_Src -composite -level 24%,88% clean.png
```

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये कंसांआधीच्या तिरक्या रेघा काढा. इथे साधा ब्लर आहे, त्यामुळे जाड अक्षरांभोवतीचा अंदाज थोडा काळवंडतो आणि ती अक्षरं किंचित फिकी पडतात. बारीक लिखाणाला फरक जाणवत नाही.

दोन्ही पद्धतींची एक मर्यादा सारखी आहे. मार्करने पूर्ण भरलेला मोठा चौकोन असेल तर त्याचा मधला भाग कोरा फळा समजला जातो आणि चौकोन आतून पोकळ होतो. फक्त कडा गडद आणि मध्ये पांढरं दिसलं की हेच झालंय असं ओळखा. अशा वेळी Radius वाढवत बसण्यापेक्षा शेवटी Bucket Fill ने तो चौकोन भरणं सोपं.

चकाकीवर मात्र इलाज नाही. जिथे दिव्याचं प्रतिबिंब पडून तिन्ही घटक २५५ झालेत, तिथे शाईची नोंदच झालेली नाही. फळा अजून पुसला नसेल तर फ्लॅश बंद करून थोडं बाजूला सरकून दुसरा फोटो घ्या. प्रतिबिंबाची जागा बदलते, आणि तेवढा तुकडा दुसऱ्या फोटोतून आणता येतो.

सूचनाफलकाच्या फोटोला ही पद्धत अख्खी लावू नका. तिथली पार्श्वभूमी कापडाची किंवा बुचाची असते आणि पांढरे असतात ते फक्त कागद. प्रत्येक कागद वेगळा कापून सरळ करा, मग त्या एकेका कागदाला भागाकार लावा.

सेव्ह करताना पीएनजी घ्या. जेपेगमध्ये रेघांभोवती धुळीसारखे ठिपके येतात आणि पांढऱ्या स्लाइडवर, प्रोजेक्टरने मोठं केल्यावर ते लगेच दिसतात.