भागविक्रीचा पैसा जातो कुणाकडे?

एका भागविक्रीचा आरएचपी, म्हणजे विक्रीआधीचं कंपनीचं माहितीपत्रक, डाउनलोड केला तर चारशे ऐंशी पानं निघाली. मी निवृत्त शिक्षिका आहे, इंग्रजीची भीती नाही. पण सुरुवात कुठून करू? – नेरुळ

पहिल्या पानापासून नको. सुरुवातीच्या शंभर पानांत व्याख्या आणि जोखमींची यादी असते, आणि ती वकिलांनी वकिलांसाठी लिहिलेली असते. अनुक्रमणिकेत ‘ऑब्जेक्ट्स ऑफ द ऑफर’ शोधा आणि तिथून आत शिरा. जमा झालेल्या पैशाचं कंपनी काय करणार, ते या प्रकरणात लिहिलेलं असतं.

सोयीसाठी एक काल्पनिक कंपनी घेऊ. ती रबाळे एमआयडीसीत पंपांचे सुटे भाग बनवते आणि ६०० कोटींची भागविक्री आणते आहे. वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत ६०० हा आकडा ठळक दिसतो. प्रकरण उघडलं की कळतं, यातले नव्या समभागांचे फक्त १५० कोटी आहेत. उरलेले ४५० कोटी ‘ऑफर फॉर सेल’चे, म्हणजे जुने भागधारक आपले समभाग विकणार आणि तो पैसा त्यांच्या खात्यात जाणार. कंपनीच्या तिजोरीत त्यातला रुपयाही येणार नाही.

आता ते १५० कोटी कुठे जातात? समजा, ९० कोटी कर्जफेडीला, ३५ कोटी यंत्रांना आणि २५ कोटी ‘जनरल कॉर्पोरेट पर्पजेस’ला. शेवटची बाब म्हणजे घरखर्चाच्या वहीतलं ‘किरकोळ’. सेबीने तिच्यावर कंपनी स्वतः उभारत असलेल्या रकमेच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली आहे, पण कोणी मर्यादेला टेकलेलं दिसलं की मी पेन्सिलीने खूण करतो. म्हणजे ‘कंपनी वाढते आहे, पैसे द्या’ असं म्हणणाऱ्या ६०० कोटींच्या विक्रीतून प्रत्यक्ष वाढीला ३५ कोटी मिळाले. तेवढ्यावरून अर्ज रद्द करायला नको, पण निर्णय या आकड्यावर घ्यायचा, ६०० वर नाही.

मग ऑफर फॉर सेल म्हणजे आतली माणसं पळ काढतायत असंच समजायचं ना? – नौपाडा, ठाणे

नाही. विकणारा कोण आणि का विकतोय, ते बघायचं. म्युच्युअल फंडांच्या नोंदी सांभाळणाऱ्या कॅम्स या कंपनीची २०२० मधली भागविक्री पूर्णपणे ऑफर फॉर सेल होती. विकणारी होती एनएसईची उपकंपनी, आणि विकण्याचं कारण होतं सेबीने एनएसईला तो हिस्सा सोडायला सांगितलं हे. तिथे धंद्यावरचा विश्वास उडाल्याचा प्रश्नच नव्हता. एखाद्या खासगी गुंतवणूक फंडाची मुदत संपत आली, म्हणूनही तो बाहेर पडतो.

आपल्या रबाळेच्या कंपनीत मी दोन गोष्टी तपासेन. विक्रीनंतर प्रवर्तकांकडे किती टक्के उरतात ही पहिली. विकणाऱ्यांना समभाग सरासरी किती रुपयांना पडला होता, ही दुसरी. हा आकडा आरएचपीत द्यावाच लागतो. गेल्या एका वर्षात, अठरा महिन्यांत आणि तीन वर्षांत झालेल्या व्यवहारांचा सरासरी भावही तिथेच मिळतो. वर्षभरापूर्वी ठरावीक मंडळींना १४० रुपयांना दिलेला समभाग तुम्हाला ३०० ला मिळणार असेल, तर मधल्या बारा महिन्यांत धंद्यात काय बदललं ते कंपनीच्या आकड्यांत दिसायला हवं. दिसत नसेल तर फरकाचे १६० रुपये कशाचे, ते मला तरी सांगता येणार नाही.

नफा १२, १९, ३० कोटी असा चढता असेल आणि पी/ई ५० लिहिला असेल, तर अजून काय बघायचं? – ऐरोली

आधी तो ५० स्वतः मोजा. समजा, रबाळेच्या कंपनीचे आज ५ कोटी समभाग आहेत आणि नफा ३० कोटी, म्हणून प्रतिसमभाग मिळकत ६ रुपये. भाव ३००, म्हणजे मिळकतीच्या ५० पट, म्हणून पी/ई ५०. पण १५० कोटींसाठी ३०० रुपयांनी ५० लाख नवे समभाग निघणार आहेत. एकूण झाले साडेपाच कोटी आणि कंपनीची किंमत १,६५० कोटी. तिला ३० ने भागलं की ५५ येतात. न्यायाची बाजूही सांगतो. ९० कोटींचं कर्ज फिटलं की दहा टक्क्यांनी वर्षाचं ९ कोटी व्याज वाचेल आणि कर वजा जाता नफ्यात सुमारे ७ कोटींची भर पडेल. तसं धरलं तर पी/ई ४५ च्या आसपास येतो.

आता नफा सोडून रोख प्रवाहाच्या पत्रकाकडे या. ‘कॅश फ्लो फ्रॉम ऑपरेटिंग अ‍ॅक्टिव्हिटीज’ ही ओळ समजा अशी आहे: १०, ४ आणि उणे ८ कोटी. म्हणजे नफा चढतोय आणि रोकड उतरतेय. कारण ‘ट्रेड रिसीव्हेबल्स’मध्ये, म्हणजे ग्राहकांकडच्या येण्यात सापडतं. पहिल्या वर्षी विक्री १८० कोटी, येणं ३६ कोटी, म्हणजे सुमारे ७३ दिवसांची उधारी. तिसऱ्या वर्षी विक्री ३०० कोटी, येणं १०८ कोटी, म्हणजे १३१ दिवस. आपल्या नाक्यावरचा वाणीसुद्धा उधारी दुप्पट करून विक्री वाढवू शकतो.

याला सरळ कारणही असू शकतं. नगरपालिका किंवा पाणीपुरवठा योजनांना माल गेला की बिलं उशिरा निघतात. ते जोखमींच्या यादीत लिहिलेलं असेल, म्हणून ती यादी आता, शेवटी वाचायची. ठरावीक छापाच्या जोखमी सोडून द्या आणि जिथे आकडा आहे तिथे थांबा. ‘पहिल्या पाच ग्राहकांकडून ६८ टक्के विक्री’ अशा वाक्यात बातमी असते. उधारीचं कारण कुठेच सापडलं नाही, तर ५५ काय आणि ४५ काय, मी अर्ज करणार नाही.

जीएमपी शंभर चालू आहे. एवढं वाचायची गरज आहे का? – खारघर

जीएमपी म्हणजे नोंदणीआधी ग्रे मार्केटमध्ये बोलला जाणारा जादा भाव. तो कुठल्याही एक्स्चेंजवर ठरत नाही आणि त्यावर सेबीची देखरेख नाही. व्यवहार किती झाले, झाले की नाही, हेही कळायला मार्ग नाही. पेटीएमची पालक कंपनी नोव्हेंबर २०२१ मध्ये २,१५० रुपयांना आली होती. १८,३०० कोटींपैकी १०,००० कोटी ऑफर फॉर सेल. पहिल्याच दिवशी समभाग १,५६० च्या आसपास बंद झाला. हे १०,००० कोटी आरएचपीत आधीपासून छापलेले होते.

तीन लॉट मागितले तर लागण्याची शक्यता तिप्पट होते का? – ठाणे पूर्व

होत नाही. लॉट म्हणजे अर्जात मागता येणारा समभागांचा सर्वांत छोटा गठ्ठा. समजा तो १५,००० रुपयांचा आहे आणि किरकोळ गुंतवणूकदारांना ३५ टक्के, म्हणजे २१० कोटी राखीव आहेत. म्हणजे १ लाख ४० हजार लॉट. सात लाख वैध अर्ज आले तर सोडत निघते आणि पाचांत एकाला एकच लॉट मिळतो, मग त्याने एक मागितलेला असो की तेरा. जादा लॉटने तुमचे पैसे तेवढे अडकून राहतात, बस. पत्नीच्या नावाने वेगळा अर्ज चालतो, पण पॅन, डिमॅट आणि बँक खातं तिचंच हवं. एका पॅनवर दोन अर्ज किंवा दुसऱ्याच्या खात्यातून यूपीआय केलं की अर्ज बाद.

भावाच्या रकान्यात ‘कट-ऑफ’, म्हणजे शेवटी जो ठरेल तो भाव, निवडा. कंपनीने दिलेल्या भावपट्ट्यातला खालचा भाव टाकून बसलात आणि विक्री वरच्या भावाला ठरली, तर सोडतीत तुमचं नावच येणार नाही. आणि यूपीआयची मंजुरी शेवटच्या दिवशी संध्याकाळी ५ च्या आत द्या. मी एकदा लोकलमधून उतरून घरी जाऊन निवांत देऊ म्हटलं. घरी पोचलो तेव्हा साडेसहा झाले होते.