मिनिट्स बुक ऑडिटरच्या हातात गेल्यावर

प्रश्न: आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड आहे, आम्ही दोघेच संचालक. ऑडिटरने या वर्षी मिनिट्स बुक मागवलंय. त्यात ते नक्की काय बघतात? प्रत्येक पानावर सही लागते का, आणि पानांना नंबर कसे द्यायचे?

उत्तर: छोट्या कंपन्यांची ऑडिट हेच माझं रोजचं काम आहे. बुक हातात आलं की मी आधी मजकूर वाचत नाही, पानांचे नंबर बघत जातो. ते सलग हवेत, आणि सलग म्हणजे संपूर्ण बुकभर. सर्वाधिक दिसणारी चूक वर्डमधून होते. प्रत्येक सभेचं इतिवृत्त वेगळ्या फाईलमध्ये टाइप होतं, त्यामुळे दर सभेला पान पुन्हा 1 पासून सुरू होतं. काही जण 1 एप्रिलला नव्याने 1 टाकतात. दोन्ही चूक. जुनं बुक बाइंड करून नवं उघडलं तरी नंबर पुढेच चालू राहतो. सुटी पानं चालतात, पण ती ठरावीक काळाने बाइंड करावी लागतात. डकवलेलं पान मात्र चालत नाही. संचालक मंडळाच्या सभा आणि भागधारकांच्या सभा यांची बुकं वेगवेगळी लागतात.

हो, प्रत्येक पानावर सही लागते. आतल्या पानांवर छोटी सही पुरते. शेवटच्या पानावर पूर्ण सही आणि सही केल्याची तारीख हवी. फक्त शेवटच्या पानावर सही केलेली बुकं मी नेहमी पाहतो, आणि तिथे मधलं पान कधी बदललं हे कुणीच सांगू शकत नाही. मंडळाच्या सभेचं इतिवृत्त त्याच सभेचा अध्यक्ष किंवा पुढच्या सभेचा अध्यक्ष सही करू शकतो. वार्षिक सभेचं मात्र त्याच सभेच्या अध्यक्षाने 30 दिवसांच्या आत सही करायचं असतं. दोन्ही प्रकारांत इतिवृत्त बुकात उतरवायची मुदत सभा संपल्यापासून 30 दिवस. पानाखाली मोकळी जागा उरली तर तिथे रेघ मारा, म्हणजे नंतर ओळ घुसवता येत नाही.

आता हे नंबर इतके का बघतो, ते एका प्रसंगावरून सांगतो. एका छोट्या कारखान्याच्या कंपनीने कॅश क्रेडिट घेतलं होतं. कर्जाच्या फाईलमध्ये बँकेला दिलेली ठरावाची प्रमाणित प्रत होती, सभेची तारीख 14 जून. मिनिट्स बुकात 28 मेची सभा पान 34 ते 36 वर, आणि पान 37 वर थेट 3 सप्टेंबरची. 14 जूनला जागाच नव्हती. संचालक म्हणाले, "36अ करून टाकतो ना, काय फरक पडतो?" मी नाही म्हटलं. हजेरीचं रजिस्टर मागवलं, त्यात 14 जूनची एकही सही नव्हती. दुसऱ्या संचालकांनी सरळ सांगितलं की त्या दिवशी ते गावाला होते. म्हणजे सभा झालीच नव्हती, प्रत तेवढी काढली होती. कर्ज घेण्याचा ठराव कंपनी कायद्याच्या कलम 179 प्रमाणे मंडळाच्या सभेतच व्हावा लागतो, कागद फिरवून मंजुरी घेता येत नाही. त्यामुळे हा मामला विसरभोळेपणाचा राहिला नाही. सभा झाली असती आणि इतिवृत्त लिहायचं राहिलं असतं, तर कलम 118 खाली दंड होता, कंपनीला 25,000 आणि कसूरदार अधिकाऱ्याला 5,000 रुपये. पण बुकात फेरफार केला तर त्याच कलमात 2 वर्षांपर्यंत कैद आहे. 36अ करणं म्हणजे या दुसऱ्या वाटेला जाणं होतं. शेवटी त्यांनी रीतसर सभा घेतली, झालं ते जसंच्या तसं नोंदवलं, कर्जाला त्या दिवसाच्या तारखेने मंजुरी दिली आणि बँकेला कळवून नवा ठराव दिला. मी कर्जाची शिल्लक बँकेकडून थेट लेखी मागवली, आणि त्या वर्षी संचालकांच्या बाकीच्या तोंडी सांगण्यालाही कागदी पुरावा मागितला.

मजकूर वाचताना मी हेच करतो: हिशेबातलं कर्ज, संचालकांचा पगार, नातेवाइकांशी झालेले व्यवहार, हिशेब मंजूर केल्याची तारीख, हे सगळं बुकात सापडतं का. उलट बाजूनेही बघतो, बुकात काही ठरलंय आणि हिशेबात दिसत नाही असं आहे का. 31 मार्चनंतरच्या सभाही वाचतो, कारण एखादा दावा किंवा मोठा खर्च तिथेच आधी दिसतो.

तुमची कंपनी कायद्याच्या व्याख्येत 'छोटी' असेल तर कॅलेंडर वर्षाच्या दर सहामाहीत एक सभा पुरते, पण त्या दोन सभांत किमान 90 दिवस हवेत. हे जानेवारी ते डिसेंबर मोजायचं, एप्रिल ते मार्च नव्हे.

बुक पाठवण्याआधी त्यात काही राहिलेलं दिसलं तर नवी शाई लावू नका. तसंच पाठवा, सोबत काय राहिलंय त्याची यादी द्या.