ब्लॉकर्स, नेदरलँड्स आणि बारा वर्षांचं मूल

"नवऱ्याची बदली इंग्लंड किंवा नेदरलँड्सला होणार आहे. आमचा मुलगा बारा वर्षांचा, पण तो स्वतःला मुलगीच मानतो. तिथे वयात येणं थांबवणारे ब्लॉकर्स मिळतील का? बंद केले की सगळं पूर्ववत होतं का?"

ताई, हाच विषय मुख्य असेल तर इंग्लंड सोडा. तिथे मार्च २०२४ पासून सरकारी सेवेत या कारणासाठी ब्लॉकर्स सरसकट देत नाहीत आणि खाजगीत नव्याने सुरू करायलाही बंदी आहे. आम्ही नेदरलँड्समध्ये आहोत. ही पद्धत मुळात इथलीच, अ‍ॅमस्टरडॅमची. पण रांग फार लांब आहे, आणि वयात येणं काही रांगेसाठी थांबत नाही.

वयात येणं सुरू झाल्याशिवाय औषध देत नाहीत. डॉक्टरांकडे चढत्या आकाराच्या अंडाकृती मण्यांची माळ असते. तिच्याशी ताडून वृषण साधारण ४ मिलीचे झाले की सुरुवात झाली, असं धरतात. मग ट्रिप्टोरेलिनचं इंजेक्शन दर चार किंवा बारा आठवड्यांनी. मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीला संदेश थांबून थांबून यावा लागतो. औषधाने तो सतत येत राहतो आणि ग्रंथी प्रतिसाद देणं बंद करते. पहिले काही दिवस उलट हार्मोन वाढतात, त्याने घाबरू नका.

औषध थांबवलं की काही महिन्यांत वयात येणं पुन्हा सुरू होतं. आधीच फुटलेला आवाज मात्र ब्लॉकर्सने परत बारीक होत नाही. हाडांचं तसं सोपं नाही. वर्गातल्या मुलांची हाडं भरत असतात तेव्हा आपल्या लेकराची मागे पडतात, म्हणून अधूनमधून हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करतात. पुढे इस्ट्रोजेन सुरू झालं तरी कण्याची घनता पूर्ण भरून येतेच असं नाही.

आमच्या घरी सगळ्यात अवघड गेला तो शुक्राणूंचा प्रश्न. ४ मिलीच्या टप्प्यावर गोठवून ठेवण्याजोगे शुक्राणू सहसा नसतातच. ते हवेत तर थांबायचं, म्हणजे आवाज फुटणार, दाढीची लव येणार, आणि तेवढंच टाळायला तर लेक आली होती. त्यातून बहुतेक मुलं ब्लॉकर्सनंतर हार्मोन्सकडेच जातात. निवड नीट झाली म्हणून, असं एक बाजू म्हणते. औषधानेच वाट पक्की होते, असं दुसरी. पुरावा अजून निर्णायक नाही. म्हणून 'नुसता विराम' समजून सही करू नका. पुढच्या हार्मोन्सबद्दलही तेव्हाच डॉक्टरांशी बोला. तेरा वर्षांच्या मुलीला "तुला पुढे मूल हवं का?" विचारलं की ती "नको"च म्हणते. म्हणून आम्ही तिला मानसतज्ज्ञांशी एकटीने बोलू दिलं. शेवटी आम्ही थांबलो नाही. दुसऱ्या एका घराने आवाज फुटेपर्यंत वाट पाहिली, तेही मला चुकीचं वाटत नाही.

बारा ते सोळा वयात मुलाची आणि दोन्ही पालकांची संमती लागते. आजी-आजोबांची लागत नाही, नशीब! नवरा राजी नसेल तर ते निघण्याआधी बोलून घ्या. इथे पोचल्यावर पत्त्याची नोंद आणि विमा झाला की लगेच हाउसआर्ट्स, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे नाव घाला. चिठ्ठी तेच देतात आणि रांगेतला नंबर त्यानंतरच लागतो. तिकडच्या मानसोपचारतज्ज्ञांचे कागद इंग्रजीत करून आणा.